पुसलेला मॅक आणि फिरणारा पृथ्वीगोल

जुना मॅकबुक विकायला काढला की विकणारा आधी त्याची डिस्क पुसतो. फोटो, बँकेचे कागद, पासवर्ड असं काही परक्याच्या हाती पडू नये म्हणून, आणि ते योग्यच आहे. गडबड पुसताना होते. डिस्क युटिलिटीत डाव्या बाजूला दोन ओळी दिसतात. वरच्या ओळीत डिस्क बनवणाऱ्या कंपनीचं नाव किंवा मॉडेल क्रमांक असतो, आणि तिच्याखाली जरा आत सरकून Macintosh HD. खालची ओळ पुसली तर फक्त त्या कप्प्यातला मजकूर जातो. वरची पुसली तर अख्खी डिस्क कोरी होते आणि तिच्या कोपऱ्यात ठेवलेला रिकव्हरीचा छोटा विभागही तिच्याबरोबर जातो. मग मॅक सुरू केला की करड्या पडद्यावर एक फोल्डर आणि त्यावर प्रश्नचिन्ह लुकलुकत राहतं. ‘मशीन मेलं’ असं समजून लोक ते रिपेअरवाल्याकडे नेतात.

मशीन मेलेलं नसतं. प्रश्नचिन्हाचा अर्थ इतकाच, की सुरू होण्यासाठी लागणारी प्रणाली कुठल्याच डिस्कवर सापडली नाही. हे सांगणारा छोटा प्रोग्राम डिस्कवर नसून मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये असतो. त्याला फर्मवेअर म्हणतात. डिस्क पुसली, बदलली, अगदी काढून बाजूला ठेवली तरी तो जागेवर असतो. इंटेलच्या प्रोसेसरवर चालणाऱ्या जुन्या मॅकमध्ये या प्रोग्रामला आणखी एक गोष्ट येते: वायफायला जोडून घेणं आणि ॲपलच्या सर्व्हरवरून प्रणाली मागवणं.

ही सोय २०११ साली आली. त्या वर्षी ॲपलने लायन ही प्रणाली डीव्हीडीऐवजी प्रामुख्याने डाउनलोड करून द्यायला सुरुवात केली. डब्यातली चकती गेली, तेव्हा डिस्क बिघडल्यावर काय, या प्रश्नाला उत्तर देणं भाग होतं. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात आलेल्या मॅकबुक एअर आणि मॅक मिनीपासून इंटरनेट रिकव्हरी मशीनमध्येच येऊ लागली. २०१०च्या आणि २०११च्या सुरुवातीच्या काही मॉडेलांना फर्मवेअरचं अपडेट देऊन ती नंतर मिळाली. त्याहून जुन्या मॅकला ती नाही. तिथे चकती किंवा पेनड्राइव्ह हाच मार्ग.

पुढे जाण्याआधी एक थांबा. डिस्क चुकून पुसली गेली असेल आणि आतलं काही परत हवं असेल, तर प्रणाली पुन्हा टाकू नका. नवी प्रणाली कित्येक जीबी जागा व्यापते आणि जुन्या फायलींचे अवशेष जिथे होते तिथेच लिहिते. अशा वेळी मशीन बंद करून डेटा परत मिळवणाऱ्या जाणकाराकडे द्यावं. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर आशा बरी असते. एसएसडी असेल तर कमी, कारण पुसलेली जागा ती स्वतःहून मोकळी करून टाकते.

डेटा नको असेल तर पुढे चला. उदाहरणासाठी एक ठरावीक मशीन घेऊ: १३ इंची मॅकबुक प्रो, २०१२च्या मध्यावर आलेलं मॉडेल. ॲपलने हे २०१६पर्यंत विकलं, त्यामुळे जुन्या बाजारात ते अजूनही भेटतं. यात डीव्हीडीचा खण आहे, रॅम आणि डिस्क घरी बदलता येतात आणि इथरनेटची वायर लावायचं भोकही आहे. ते भोक पुढे उपयोगी पडेल. हे मशीन लायन घेऊन आलं आणि ॲपलच्या हिशेबाने त्याची शेवटची प्रणाली म्हणजे कॅटलिना, अर्थात १०.१५. आपल्या उदाहरणातल्या मशीनची डिस्क मालकाने वरची ओळ निवडून पुसली आहे.

आता कळांचा खेळ. मशीन बंद करायचं, सुरू करायचं आणि लगेच काही कळा एकत्र दाबून धरायच्या. कळांच्या तीन जोड्या आहेत आणि कुठली प्रणाली पुढ्यात येईल ते बहुतांशी त्यांवर ठरतं.

कमांड आणि R दाबलं, तर मशीन आधी डिस्कवरचा रिकव्हरी विभाग शोधतं. तो असेल तर तिथून सुरू होतं आणि मशीनवर शेवटची जी प्रणाली होती ती देऊ करतं. आपल्या मशीनवर तो विभागच उरलेला नाही, म्हणून ते आपोआप इंटरनेटकडे वळतं. ऑप्शन, कमांड आणि R दाबलं, तर ते डिस्ककडे न बघता थेट इंटरनेटवर जातं आणि त्या मॉडेलला चालणारी सर्वांत नवी प्रणाली देतं. आपल्या बाबतीत ती कॅटलिना. शिफ्ट, ऑप्शन, कमांड आणि R या चार कळा दाबल्या, तर कारखान्यातून आलेली प्रणाली मिळते, आणि ती सर्व्हरवर नसेल तर तिच्या जवळची.

हे ऐकायला सरळ वाटतं, पण यात एक गोम आहे आणि बहुतेकांची फसगत तिथेच होते. कळांचं हे वर्तन सगळ्या मशीनवर सारखं नसतं. ज्या मॅकवर कधी ना कधी सिएरा १०.१२.४ किंवा त्यानंतरची प्रणाली चढली होती, त्याच्या फर्मवेअरला हे नवे नियम ठाऊक असतात. ज्याच्यावर ती कधीच चढली नाही, त्याला चार कळांची जोडी कळतच नाही आणि ऑप्शन-कमांड-R दाबूनही त्यावर कारखान्यातलीच प्रणाली येते. म्हणजे दोन शेजारी, दोघांकडे एकच मॉडेल, दोघांनी त्याच कळा दाबल्या, तरी एकाला कॅटलिना मिळते आणि दुसऱ्याला लायन. कारण डिस्क कोरी असली तरी मागे घेतलेली अपडेट्स चिपमध्ये टिकून असतात. शिवाय अख्खी डिस्क पुसल्यानंतर नुसतं कमांड-R दाबलं तर कारखान्यातली प्रणालीच पुढ्यात येण्याची शक्यता असते, असं ॲपलही सांगतं. म्हणून पुसलेल्या मशीनवर पहिला प्रयत्न ऑप्शन-कमांड-R असाच करावा, असं माझं मत आहे. लायन मिळाल्यावर काय वाट्याला येतं ते पुढे सांगतो.

कळा कधी सोडायच्या? पडद्यावर फिरणारा पृथ्वीगोल दिसला की. डेस्कटॉप मॅक असेल तर वायरचा कीबोर्ड लावा, कारण ब्लूटूथवाला कधी कधी इतक्या लवकर जागा होत नाही. विंडोजचा कीबोर्डही चालतो. त्यावरची ऑल्ट म्हणजे ऑप्शन आणि विंडोजचं चिन्ह असलेली कळ म्हणजे कमांड. कळा दाबल्यावर गोलाऐवजी कुलपाचं चित्र आणि पासवर्डची चौकट आली, तर कोणीतरी फर्मवेअरला पासवर्ड लावून ठेवला आहे. २०११नंतरच्या मॉडेलांत तो बॅटरी काढून किंवा रॅम बदलून जात नाही. जुन्या मालकाला विचारा, नाहीतर खरेदीची पावती घेऊन ॲपलच्या सेवाकेंद्रात जा. जुना मॅक विकत घेताना पैसे देण्याआधी एकदा या कळा दाबून बघाव्यात, तो यासाठीच.

गोल फिरत असताना काय होतं ते थोडं समजून घेतलं, की चुका कुठे होतात ते आपोआप कळतं. फर्मवेअर आधी वायफायची यादी दाखवतं आणि पासवर्ड मागतं. जोडणी झाली की ते ॲपलच्या osrecovery.apple.com या सर्व्हरला मदरबोर्डची ओळख सांगतं. सर्व्हर त्या मॉडेलला कुठलं रिकव्हरी पॅकेज द्यायचं ते ठरवून त्याचा पत्ता देतो. हे पॅकेज साधारण अर्ध्या जीबीच्या आसपास असतं. त्यासोबत पॅकेजच्या तुकड्यांची एक यादीही येते. तिच्यावर ॲपलची डिजिटल सही असते, आणि प्रत्येक तुकडा या यादीशी ताडून पाहिला जातो. वाटेत कोणी काही बदललं असेल तर ते तिथेच पकडलं जातं. सगळं जुळलं, की ते पॅकेज डिस्कवर न उतरवता थेट रॅममध्ये उघडलं जातं आणि मशीन त्यातून सुरू होतं. डिस्क कोरी असताना माऊसचा बाण, मेन्यू आणि खिडक्या कुठून आल्या, याचं उत्तर हे.

लक्षात घ्या, की ही अजून खरी प्रणाली नाही, ती बसवणारा मिस्त्री तेवढा घरी पोहोचला आहे. सामान, म्हणजे कॅटलिनाच्या बाबतीत आठेक जीबी, तो नंतर मागवतो. एकूण दोन डाउनलोड, दोन टप्पे, आणि दोघांच्या अडचणी वेगळ्या.

पहिल्या टप्प्यातली अडचण जवळजवळ नेहमी नेटवर्कची असते. गोल फिरायचा थांबतो, त्यावर उद्गारचिन्हाचा त्रिकोण येतो आणि खाली -2003F, -2002F, 2100F यांसारखा आकडा दिसतो. या आकड्यांच्या मागे लागू नका. सर्व्हरपर्यंत पोहोचता आलं नाही, किंवा पोहोचून जोडणी तुटली, एवढाच बहुधा त्यांचा अर्थ. त्यापेक्षा नेटवर्क कुठल्या प्रकारचं आहे ते बघा. फर्मवेअरकडे ब्राउझर नसतो. कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये, हॉटेलात किंवा विमानतळावर वायफाय जोडल्यावर मोबाइल नंबर विचारणारं जे पान उघडतं, ते उघडायला इथे काहीच नाही. ऑफिसचं नेटवर्क प्रॉक्सीतून जात असेल किंवा प्रत्येकाचं वेगळं लॉगिन मागत असेल, तरी तेच. घरचं साधं वायफाय लागतं, ज्याला फक्त पासवर्ड पुरतो. राउटर अगदी नवा असेल आणि त्यावर फक्त डब्ल्यूपीए३ ही सुरक्षा चालू असेल, तर २०१२चं मशीन त्याला ओळखत नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये तात्पुरतं डब्ल्यूपीए२ चालू करावं.

सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे वायर. आपल्या मशीनला इथरनेटचं भोक आहेच. राउटरपासून केबल लावली की वायफायची अर्धी दुखणी संपतात. वायर शक्य नसेल तर मोबाइलचा हॉटस्पॉट चालतो, मात्र रोजच्या डेटाची मर्यादा आधी बघा. दीड-दोन जीबीचा रोजचा कोटा असेल, तर पहिला टप्पा दिमाखात पार पडेल आणि दुसरा अर्ध्यावर रडेल. चार्जरही लावूनच ठेवा. या वयाच्या मशीनची बॅटरी बहुधा दमलेली असते.

पहिला टप्पा पार पडला की भाषा विचारली जाते आणि मग चार ओळींची एक चौकट येते. तिच्यावर macOS Utilities असं लिहिलं असेल तर प्रणाली सिएरा किंवा नंतरची आहे. OS X Utilities किंवा Mac OS X Utilities असं असेल तर त्याआधीची. इथेच कळतं, की कळांनी आपल्याला हवं ते दिलं की नाही. थेट इन्स्टॉलच्या ओळीवर जाऊ नका. आधी Disk Utility उघडा.

डिस्क पुसलेली आहे, मग पुन्हा कशाला पुसायची? कारण आधी ती कुठल्या पद्धतीने पुसली होती ते आपल्याला माहीत नाही. कोणी विंडोजच्या मशीनला लावून पुसली असेल, कोणी नवी एसएसडी आणून नुसतीच बसवली असेल. अशा वेळी इन्स्टॉलर डिस्क दाखवतच नाही, किंवा दाखवून ‘इथे बसवता येणार नाही’ म्हणतो. नव्या डिस्क युटिलिटीत View मेन्यूतून Show All Devices निवडा, नाहीतर वरची ओळ दिसणारच नाही. मग ती वरची ओळच निवडा आणि Erase म्हणा. होय, ज्या ओळीने घोटाळा केला तीच. आता मात्र ती पुसायलाच हवी, कारण डिस्कचा आराखडा ठरवणारा Scheme हा पर्याय तिथेच मिळतो. तिथे GUID Partition Map निवडा. नाव Macintosh HD द्या. Format मध्ये कॅटलिनासाठी APFS निवडा. लायनपासून सिएरापर्यंतची प्रणाली असेल तर Mac OS Extended (Journaled). लायनच्या जुन्या डिस्क युटिलिटीत Scheme समोर दिसत नाही. तिथे Partition या टॅबमध्ये एक कप्पा निवडून खालच्या Options बटणातून ते ठरवावं लागतं.

डिस्क यादीत दिसलीच नाही तर? २०१२च्या या मॉडेलचं एक नावाजलेलं दुखणं आहे. डिस्क मदरबोर्डला एका पातळ, चपट्या केबलने जोडलेली असते आणि ती केबल वयानुसार दगा देते. लक्षणं डिस्क बिघडल्यासारखीच दिसतात: कधी दिसते, कधी नाही, किंवा इन्स्टॉल अर्ध्यात अडकतं. खात्री करायची तर डिस्क बाहेर काढून यूएसबीच्या डबीत घालावी आणि बाहेरून जोडावी. तशी नीट चालली तर दोष केबलचा. ती बदलणं स्वस्त आहे. मात्र हे न तपासता नवी एसएसडी विकत घेणारे आणि तीही ‘खराब निघाली’ म्हणणारे पुष्कळ असतात.

डिस्क तयार झाली की Disk Utility बंद करून Reinstall macOS म्हणा. इथून दुसरा टप्पा. ‘The recovery server could not be contacted’ असा निरोप येतो तो इथेच. नेट चालू आहे, नुकतंच अर्धा जीबी उतरलं आहे, तरी सर्व्हर मिळत नाही म्हणतो, तेव्हा माणूस चक्रावतो. पहिल्यांदा घड्याळ बघा. हे मशीन महिनोन्‌महिने कपाटात पडून राहिलं आणि बॅटरी पार उतरली, की आतलं घड्याळ मागे जातं, अनेकदा १ जानेवारी २००१ वर. दुसऱ्या टप्प्यात सर्व्हरशी सुरक्षित जोडणी लागते. सर्व्हर आपली ओळख पटवायला एक प्रमाणपत्र दाखवतो आणि त्यावर वैधतेच्या तारखा असतात. मशीनच्या मते आज २००१ साल असेल, तर ते प्रमाणपत्र अजून जन्मलेलंच नाही. मशीन ते नाकारतं आणि पडद्यावर मात्र सगळा दोष सर्व्हरवर ढकलतं.

उपाय मिनिटभराचा आहे. वरच्या Utilities मेन्यूतून Terminal उघडा, date एवढं टाइप करून एंटर मारा आणि तारीख वाचा. चुकलेली असेल तर महिना, दिवस, तास, मिनिटं आणि साल या क्रमाने, मध्ये मोकळी जागा न सोडता, खरी तारीख द्या. २० जानेवारी २०२६ दुपारचे पावणेचार वाजले असतील, तर असं:

```
date 012015452026
```

रिकव्हरीत अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची वेळ धरलेली असते, त्यामुळे आपल्या घड्याळाशी काही तासांचा फरक राहिला तरी हरकत नाही. साल आणि दिवस जमले की पुरे. Terminal बंद करून पुन्हा इन्स्टॉल म्हणा.

याच घड्याळाची उलटी करामतही प्रसिद्ध आहे. जुन्या प्रणालींचे इन्स्टॉलर ज्या प्रमाणपत्राने सही केलेले होते, त्याची मुदत २४ ऑक्टोबर २०१९ ला संपली. त्याआधी उतरवून पेनड्राइव्हवर जपून ठेवलेल्या प्रती त्या दिवसानंतर ‘ही प्रत खराब झाली आहे, पडताळता येत नाही’ असं म्हणू लागल्या. ॲपलने नव्या सहीच्या प्रती दिल्या. ज्यांच्याकडे जुनी प्रतच आहे ते नेट बंद करून घड्याळ मुदतीच्या आत मागे नेतात आणि काम उरकतात. म्हणून नेटवरून बसवताना तारीख आजची हवी, आणि जुन्या पेनड्राइव्हवरून बसवताना कधी कधी कालची.

तारीख बरोबर आहे, नेट आहे, तरी अडलं, तर Window मेन्यूतून Installer Log उघडून सगळे निरोप दाखवायला सांगा. तिथल्या इंग्रजी ओळी डोक्यावरून गेल्या तरी एक गोष्ट कळते: नवी ओळ येते आहे की नाही. येत असेल तर काम चालू आहे. हे मी मुद्दाम सांगतो, कारण ‘एक मिनिट बाकी’ हे वाक्य पडद्यावर अर्धा-अर्धा तास राहतं आणि लोक वैतागून बटण दाबून मशीन बंद करतात. ४० एमबीपीएसच्या जोडणीवर आठ जीबी उतरायलाच सुमारे २७ मिनिटं लागतात, तीही सर्व्हर पूर्ण वेग देत असेल तर. त्यानंतर फिरत्या हार्ड डिस्कवर बसवण्याचं काम आणखी रेंगाळतं. मधे मशीन दोन-तीनदा स्वतःहून बंद-चालू होतं. ते बिघडल्याचं लक्षण नाही.

आता लायन मिळालेल्या शेजाऱ्याकडे येऊ. त्याच्यासमोर पहिली अडचण वेगळीच असते. इन्स्टॉलर ॲपल आयडी मागतो. तो दिला तर बऱ्याचदा ‘This item is temporarily unavailable. Try again later.’ असं उत्तर येतं. हे ‘नंतर’ कधीच येत नाही. लायन त्या काळी अॅप स्टोअरवर विकत मिळायची. इन्स्टॉलर त्या आयडीच्या खात्यात ती शोधतो, आणि ज्याने ती कधी घेतलीच नाही त्याला हे मोघम उत्तर देतो. जुन्या मालकाचा आयडी असेल तर कदाचित चालेल. आणखी एक गाठ: आयडीला दोन टप्प्यांची सुरक्षा असेल, तर लायनकडे सहा आकडी कोड टाकायची चौकटच नाही. तेव्हा पासवर्ड लिहायचा आणि त्याला जोडूनच फोनवर आलेले सहा आकडे लिहायचे.

एवढं करून लायन बसली तरी ती आजच्या जगात निरुपयोगी असते. तिच्यातली सफारी आजच्या बहुतेक संकेतस्थळांशी सुरक्षित जोडणीच करू शकत नाही, म्हणजे नवी प्रणाली उतरवायचं पानही उघडेलच असं नाही. मग एक पायरी मधे टाकावी लागते. दुसऱ्या कुठल्याही संगणकावर, विंडोजचा असला तरी चालेल, ॲपलच्या मदतपानावरून एल कॅपिटनची InstallMacOSX.dmg ही फाइल उतरवायची आणि पेनड्राइव्हने मॅकवर आणायची. ती उघडून आतलं पॅकेज चालवलं, की Applications मध्ये एल कॅपिटनचा इन्स्टॉलर येतो. ती बसली की तिथून अॅप स्टोअरमार्गे कॅटलिना. हा वळसा अख्खी संध्याकाळ खातो. पण वर पोहोचताना फर्मवेअरही नवं होतं, आणि पुढच्या वेळी ऑप्शन-कमांड-R दाबलं की सरळ कॅटलिनाच येते.

कॅटलिना घ्यावीच का? आपल्या मशीनमध्ये मूळची ४ जीबी रॅम आणि फिरती हार्ड डिस्क असेल, तर कॅटलिना अक्षरशः रांगते. मोजावेपासून इन्स्टॉलर फिरत्या डिस्कलाही APFS मध्ये बदलतो, आणि ही पद्धत एसएसडी डोळ्यासमोर ठेवून बनवलेली आहे. प्रणाली टाकण्याआधीच साधी एसएसडी आणि ८ जीबी रॅम घातली, तर तेच मशीन लिहिण्या-वाचण्याच्या कामाला अजूनही बरं चालतं. मात्र कॅटलिनाला ॲपलची सुरक्षा अपडेट्स २०२२पासून बंद आहेत. त्यावर नेटबँकिंग करू नये, असं मी सांगेन. ओपनकोअर लेगसी पॅचर नावाचं एक हौशी मंडळींचं साधन वापरून अशा मशीनवर याहून नव्या प्रणालीही चढवतात. ॲपलची त्याला मान्यता नाही आणि प्रत्येक अपडेटनंतर पुन्हा थोडी डागडुजी करावी लागते. ज्याला त्यात मजा वाटते त्याने करावं.

२०१८ ते २०२० दरम्यानच्या बहुतेक इंटेल मॅकमध्ये टी२ नावाची सुरक्षा चिप असते. कळा त्याच, पृथ्वीगोल तोच, पण दोन गोष्टी वेगळ्या. जुन्या मालकाने ॲपल आयडीतून मशीन मोकळं केलं नसेल, तर ते ॲक्टिव्हेशनसाठी त्याचा पासवर्ड मागतं आणि त्याशिवाय पुढे सरकत नाही. शिवाय बाहेरच्या पेनड्राइव्हवरून सुरू होण्याची परवानगी मुळात बंद असते. ती उघडायला आधीच्या प्रणालीतल्या ॲडमिनचा पासवर्ड लागतो, आणि डिस्क पुसल्यावर तो ॲडमिनच उरलेला नसतो. म्हणून या मशीनवर इंटरनेट रिकव्हरी हा जवळजवळ एकच रस्ता राहतो. एम१ आणि त्यानंतरच्या मॅकना या कळा लागूच नाहीत. तिथे पॉवरचं बटण दाबून धरायचं असतं.

बाकी सगळ्या जुन्या मॅकना पेनड्राइव्ह चालतो, आणि मशीन धड आहे तोवर तो बनवून ठेवलेला बरा. ही सगळी सोय ॲपलच्या सर्व्हरवर अवलंबून आहे. इंटेल मॅकना चालणारी शेवटची प्रणाली २०२५ची टाहो असेल, हे ॲपलने जाहीर केलंच आहे. १६ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, अॅप स्टोअरवरून कॅटलिनाचा इन्स्टॉलर उतरवा आणि तो आपोआप उघडला तर बंद करा. पेनड्राइव्हचं नाव MyVolume ठेवलं असेल तर Terminal मध्ये एका ओळीत हे लिहा:

```
sudo /Applications/Install\ macOS\ Catalina.app/Contents/Resources/createinstallmedia --volume /Volumes/MyVolume
```

पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, तेव्हा आधी त्यातलं हलवा. तयार झाला की मॅक सुरू करताना फक्त ऑप्शन दाबून धरायचं आणि यादीतून तो निवडायचा. आणि मशीन विकायचंच असेल, तर प्रणाली बसून देश विचारणारा पहिला पडदा आला की काहीही न भरता कमांड-Q दाबा आणि Shut Down निवडा. नाव, पासवर्ड, वायफाय सगळं नवा मालक भरेल.